ये रे माझ्या मागल्या

एका अर्जाची शेवटची तारीख होती आणि रात्रीचे साडेअकरा वाजले होते. माहिती भरून झाली होती, फक्त लॉगिन करून शेवटचं बटण दाबायचं राहिलं होतं. पासवर्ड टाकला, एंटर दाबलं. अॅड्रेस बारमधला पत्ता क्षणभर थरथरला आणि पान पांढरं झालं. मध्यभागी कोमेजलेल्या चेहऱ्याच्या कागदाचं चित्र, खाली मजकूर: या साइटने तुम्हाला फार वेळा दुसरीकडे पाठवलं, कुकीज काढून बघा. त्याखाली बारीक राखाडी अक्षरांत `ERR_TOO_MANY_REDIRECTS`.

माझी स्वतःचीही एक छोटी वेबसाइट आहे, त्यामुळे हे शब्द मला अनोळखी नव्हते. तरी त्या रात्री मी त्यांच्याकडे फक्त पाहुणी म्हणून बघत होते. पाहुण्याला एवढंच कळतं की दार समोर आहे, आतला दिवाही दिसतोय, पण कुणी आत घेत नाही. पुढे वर्षभरात हाच संदेश माझ्या साइटवर दुसऱ्या कुणालातरी दिसला, आणि मी दाराच्या आतल्या बाजूला होते. दोन्ही वेळा चूक वेगळी होती, शब्द मात्र तेच. दोन्ही बाजूंनी हे अनुभवल्यावर या संदेशाबद्दल नीट लिहावंसं वाटलं.

आधी रीडायरेक्ट म्हणजे काय ते बघू. ब्राउझर सर्व्हरला एखादं पान मागतो. पान त्या जागी असेल तर सर्व्हर ते देतो आणि उत्तराच्या माथ्यावर 200 हा आकडा असतो. पान दुसरीकडे असेल तर सर्व्हर पान देत नाही, पत्ता देतो. अशा उत्तरावर 301 किंवा 302 असा आकडा असतो आणि `Location` नावाच्या ओळीत नवा पत्ता. 301 म्हणजे मुक्काम कायमचा हलवलाय, 302 म्हणजे तात्पुरता. ब्राउझर आपल्याला काही न विचारता त्या नव्या पत्त्यावर जातो. बहुतेक वेळा हे इतकं झटपट होतं की आपल्या लक्षातही येत नाही. आपण `www` न लावता पत्ता टाइप करतो, पान उघडतं, आणि पत्त्यापुढे `www` आलेलं असतं. मध्ये एक रीडायरेक्ट होऊन गेलेलं असतं.

नवा पत्ताही जेव्हा ‘इथे नाही, तिकडे जा’ म्हणतो, आणि तिकडचा पुन्हा पहिल्याकडे बोट दाखवतो, तेव्हा घोळ होतो. घाण्याला जुंपलेल्या बैलासारखा ब्राउझर फिरत राहतो. यातला प्रत्येक सर्व्हर त्याच्यापुरतं बरोबर उत्तर देत असतो. खोटं कुणी बोलत नाही. पण ही विनंती मगाशीही आली होती, हे कुठल्याच सर्व्हरच्या लक्षात राहत नाही. ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात त्या HTTP ची घडणच अशी आहे की प्रत्येक विनंती नवी मानली जाते, ये रे माझ्या मागल्या. फेऱ्या मोजतो तो एकटा ब्राउझर.

तो किती मोजतो, यालाही इतिहास आहे. १९९६ साली HTTP ची 1.0 आवृत्ती RFC 1945 या दस्तऐवजात नोंदवली गेली. त्यात सांगितलं होतं की ब्राउझरने आपणहून पाचपेक्षा जास्त वेळा रीडायरेक्ट करू नये, कारण तसं होणं हे सहसा न संपणाऱ्या फेऱ्याचं लक्षण असतं. पुढे पाचाची अट गेली. आजचे मोठे ब्राउझर वीस रीडायरेक्टपर्यंत धीर धरतात आणि मग हात टेकतात. क्रोमच्या त्या पांढऱ्या पानामागे सर्व्हरशी झालेल्या वीसेक गाठीभेटी असतात.

मला आधी प्रश्न पडायचा की मोजत कशाला बसायचं? तोच पत्ता दुसऱ्यांदा आला की लगेच थांबावं. पण तसं केलं तर कितीतरी चांगल्या साइट बंद पडतील. काही साइट पहिल्या विनंतीला एक कुकी देतात आणि त्याच पत्त्यावर परत यायला सांगतात. दुसऱ्या वेळी ब्राउझर कुकी घेऊन येतो आणि साइट पान देते. पत्ता तोच, तरी फेरा नाही, कारण दुसऱ्या खेपेला हातात चिठ्ठी असते. ती चिठ्ठी वाचून सर्व्हर काय करेल, हे ब्राउझरला बाहेरून कळत नाही. म्हणून तो पत्ते न तोलता फेऱ्या मोजतो. याचीच उलट बाजूही बघा. कुणी ब्राउझरमध्ये सगळ्या कुकीज बंद करून ठेवल्या असतील, तर अशी साइट त्याला दर वेळी कुकी देईल, तो दर वेळी ती टाकून देईल, आणि इतरांना सुरळीत उघडणाऱ्या साइटवर त्याला एकट्याला हा संदेश दिसेल.

त्या अर्जाच्या रात्री माझं दुखणं कुकीचंच होतं, पण उलट्या तऱ्हेचं: माझ्याकडे एक कुकी जास्तीची होती. दुपारी मी त्याच साइटवर लॉगिन करून अर्धवट सोडून दिलं होतं. लॉगिनचं पान माझ्या ब्राउझरमधली दुपारची कुकी बघायचं आणि म्हणायचं, तुम्ही तर आधीच आत आहात, अर्जाच्या पानावर जा. अर्जाचं पान तीच कुकी घेऊन सर्व्हरवरची नोंद तपासायचं. नोंद केव्हाच कालबाह्य झालेली, म्हणून ते म्हणायचं, तुम्ही लॉगिन केलेलं नाही, लॉगिनच्या पानावर जा. एकाने फक्त चिठ्ठी आहे का एवढंच बघितलं, दुसऱ्याने ती चालते का तेही बघितलं. या फरकातच मी अडकले होते.

अशा वेळी सगळ्यात आधी खासगी खिडकी उघडावी, क्रोममध्ये तिला इन्कॉग्निटो म्हणतात. त्या खिडकीत जुनी कुकी नसते आणि साठवून ठेवलेली उत्तरंही नसतात, ब्राउझर कोऱ्या पाटीने जातो. तिथे पान उघडलं, तर अडचण आपल्या ब्राउझरमध्ये साठलेल्या कशाततरी आहे. माझं तिथे उघडलं. मग नेहमीच्या खिडकीत पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर टिचकी मारून फक्त त्या एका साइटचा डेटा काढला आणि बारा वाजायच्या आत अर्ज गेला.

फक्त त्या एका साइटचा, हे मी मुद्दाम सांगतेय. कुकीज काढून बघा म्हटलं की बरेच लोक सेटिंगमध्ये जाऊन ब्राउझरमधल्या एकूण एक कुकीज पुसतात. मग बँकेपासून मेलपर्यंत सगळीकडून बाहेर पडायला होतं, पुन्हा पासवर्ड, पुन्हा ओटीपी. आणि दोष साइटकडे असेल तर एवढं करूनही पान उघडत नाहीच. माझ्यामुळे एका माणसाला हे सगळं करावं लागलं. आता तीच गोष्ट सांगते.

माझ्या साइटवर मी रात्रीच्या आकाशाच्या नोंदी ठेवते. काही तारे महिनोन्‌महिने तेज बदलत असतात, त्यांच्या. वाचक थोडे आहेत, पण नेमाने येतात. त्यातले एक काका स्वतःही निरीक्षणं करतात आणि महिन्याला एकदा त्यांचे आकडे माझ्या आकड्यांशी ताडून बघतात. एका सोमवारी सकाळी त्यांचा मेल आला: “ताई, कालपासून तुमचं पान उघडत नाही. फार वेळा रीडायरेक्ट झालं असं काहीतरी लिहून येतं.”

मी माझ्या कॉम्प्युटरवर साइट उघडली. लगेच उघडली, कुलपाच्या चिन्हासकट. काकांना कळवलं, “काका, माझ्याकडे व्यवस्थित उघडतेय. तुमच्या ब्राउझरमधल्या कुकीज साफ करून बघा.” आणि कामाला लागले.

संध्याकाळी उत्तर आलं. त्यांनी सगळ्या कुकीज पुसल्या होत्या. मेलसाठी पासवर्ड आठवत नव्हता, तो नव्याने करावा लागला. दुपार त्यात गेली होती. आणि पान तरीही उघडत नव्हतं. मेलमध्ये तक्रारीचा एक शब्द नव्हता, शेवटी एवढंच लिहिलं होतं: “माझंच काही चुकत असेल तर सांगा.” ते वाक्य मला लागलं. त्यांचं काहीही चुकलं नव्हतं. मी माझ्या खिडकीतून बघून त्यांच्या खिडकीबद्दल निवाडा दिला होता.

मग मी आधीच करायला हवं होतं ते केलं. फोनवर वायफाय बंद करून मोबाइल डेटावर साइट उघडली. पांढरं पान, तोच संदेश. खासगी खिडकीत उघडून बघितली, तरी तेच. कोऱ्या ब्राउझरलाही फेरा लागत असेल तर दोष येणाऱ्याचा नसतो, यजमानाचा असतो.

पण मग माझ्या कॉम्प्युटरवर साइट उघडत कशी होती? याचं उत्तर शोधायला मला तासभर लागला, आणि साइट चालवणाऱ्या प्रत्येकाला ते माहीत असावं असं मला वाटतं. काही आठवड्यांपूर्वी मी साइट नव्या सर्व्हरवर हलवली होती. पत्ता जाहीरपणे बदलण्याआधी नवा सर्व्हर तपासता यावा म्हणून माझ्या कॉम्प्युटरच्या `hosts` फाइलमध्ये मी एक ओळ घातली होती. नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी यंत्रणा म्हणजे DNS. त्या ओळीमुळे माझा कॉम्प्युटर साइटचं नाव DNS ला विचारतच नव्हता, थेट सर्व्हरवर जात होता. काम झाल्यावर ती ओळ काढायची राहून गेली. आणि शनिवारी रात्री मी साइटच्या पुढे एक प्रॉक्सी सेवा लावली होती, म्हणजे वाचकांच्या विनंत्या आधी स्वतःकडे घेऊन मग माझ्या सर्व्हरकडे पाठवणारी मध्यस्थ. आता सगळं जग त्या प्रॉक्सीतून येत होतं आणि मी एकटी मागच्या दाराने. शनिवारनंतर काही वाचकांना साइट दिसत होती तीही अशीच. त्यांच्याकडे DNS चं जुनं उत्तर अजून साठलेलं होतं. ते शिळं झालं की तेही फेऱ्यात येणार होते.

`hosts` मधली ओळ काढली आणि टर्मिनलवर हे चालवलं. इथे खऱ्या नावाऐवजी नमुन्याचं नाव लिहिते.

```
curl -sSIL --max-redirs 5 https://www.example.com/
```

`I` मुळे फक्त उत्तराचा माथा दिसतो, `L` मुळे curl रीडायरेक्टच्या मागे जातो, आणि शेवटचा भाग त्याला पाच फेऱ्यांत थांबवतो. नाहीतर तो पन्नासपर्यंत जातो. उत्तर आलं ते असं, कामाच्या ओळींपुरतं:

```
HTTP/2 301
location: https://www.example.com/

HTTP/2 301
location: https://www.example.com/
...
curl: (47) Maximum (5) redirects followed
```

`location` ची ओळ नीट वाचा. मी जो पत्ता मागितला होता, तोच पत्ता मला ‘नवा पत्ता’ म्हणून दिला जात होता. अगदी अक्षर न् अक्षर तोच. अशा वेळी माझी नजर आता पहिल्यांदा याच ओळीवर जाते, कारण फेऱ्याचा आकार बघून कारणाचा अंदाज येतो. पत्ता एकदा `www` सह आणि एकदा `www` शिवाय, असा आलटून पालटून येत असेल, तर दोन ठिकाणी दोन उलटे नियम आहेत. बहुतेकदा एक होस्टिंगच्या पॅनेलमध्ये असतो आणि दुसरा वर्डप्रेसच्या साइट ॲड्रेसमध्ये. पत्ता दर फेरीला लांबत असेल, `/mr/mr/mr/` असा, तर एखादा नियम स्वतःच जोडलेला तुकडा ओळखत नाहीये. आणि पत्ता जसाच्या तसा परत येत असेल, तर ज्या गोष्टीवरून सर्व्हर निर्णय घेतोय ती पत्त्यात दिसतच नाहीये. ती कुकी तरी असते, नाहीतर मधल्या टप्प्यावर हरवलेलं काहीतरी. कुकीची शंका असेल तर curl ला `-b ''` एवढं आणखी द्यायचं, म्हणजे तो मिळालेल्या कुकीज पुढच्या फेरीत परत नेतो. मी ते करून बघितलं, फरक पडला नाही. कुकी सुटली.

मग हरवलं काय होतं? माझ्या सर्व्हरवर पानं देण्याचं काम nginx नावाचं सॉफ्टवेअर करतं आणि त्याच्या सेटिंगमध्ये अनेकांकडे असतो तसाच एक तुकडा होता:

```
server {
    listen 80;
    server_name www.example.com;
    return 301 https://$host$request_uri;
}
```

अर्थ सरळ आहे. पोर्ट 80 वर, म्हणजे साध्या `http` ने, कुणी आलं तर त्याला `https` च्या पत्त्यावर पाठवा. नियम चांगला आहे, मी आजही तो ठेवलाय. पण प्रॉक्सी लावताना तिथे एक सेटिंग होतं: वाचक ते प्रॉक्सी हा टप्पा कूटबद्ध, आणि प्रॉक्सी ते सर्व्हर हा टप्पा साधा. ज्यांच्या सर्व्हरवर सर्टिफिकेट नाही त्यांच्या सोयीसाठी ते असतं. माझ्या सर्व्हरवर सर्टिफिकेट होतं, पण सेटिंग मी न वाचता पुढे गेले.

आता काकांची एक विनंती घेऊन वाटेने चालू. काका `https` ने पान मागतात. विनंती प्रॉक्सीकडे येते. प्रॉक्सी कुलूप उघडतो, विनंती वाचतो आणि माझ्या सर्व्हरकडे साध्या `http` ने, पोर्ट 80 वर पाठवतो. माझ्या सर्व्हरला वाटतं, कुणीतरी असुरक्षित वाटेने आलंय. तो म्हणतो, 301, `https` ने या. प्रॉक्सी ते उत्तर इमानेइतबारे काकांच्या ब्राउझरला देतो. ब्राउझर `https` ने पुन्हा येतो, खरं तर तो आधीही तसाच आला होता. प्रॉक्सी पुन्हा कुलूप उघडतो, पुन्हा पोर्ट 80. काका पुढच्या दाराने सुरक्षितच येत होते, पण ते माझ्या सर्व्हरपर्यंत पोचत नव्हतं.

सर्व्हरचा लॉग उघडला तेव्हा हे डोळ्यांसमोर आलं. पोर्ट 80 च्या नोंदींत एकाच पानासाठी ओळीवर ओळ:

```
"GET /nondi/ HTTP/1.1" 301 162
"GET /nondi/ HTTP/1.1" 301 162
"GET /nondi/ HTTP/1.1" 301 162
```

वेळ बघितली तर वीसेक ओळींत दोन-तीन सेकंद गेलेले. मग थोडी जागा, आणि पुन्हा तेवढ्याच ओळी. म्हणजे काकांनी, किंवा त्यांच्यासारख्या कुणीतरी, रिफ्रेश दाबलं होतं. रविवारच्या नोंदींत असे बरेच गठ्ठे होते. पुढचा 162 हा आकडा म्हणजे पाठवलेल्या उत्तराचा आकार, बाइटमध्ये. खऱ्या पानाऐवजी प्रत्येकाला दर खेपेला एवढीच चिठ्ठी मिळत होती. साइट पार बंद पडली असती तर मला लगेच कळलं असतं, कारण माझ्या सर्व्हरवर चालू-बंद तपासणारी एक छोटी स्क्रिप्ट आहे. पण ती 301 ला ‘चालू’ समजत होती. सर्व्हर उत्तर देत होता ना. आता ती स्क्रिप्ट बाहेरच्या एका मशिनवरून चालते, रीडायरेक्टच्या मागे जाते, आणि शेवटी 200 आणि पानातला एक ठरावीक शब्द मिळाला तरच साइट चालू मानते.

दुरुस्ती एका मिनिटाची होती. प्रॉक्सीच्या सेटिंगमध्ये सर्व्हरपर्यंतचा टप्पाही `https` ने, सर्टिफिकेट तपासून, असं केलं. विनंती पोर्ट 443 वर, म्हणजे `https` च्या दारावर येऊ लागली, तिथे रीडायरेक्टचा नियम नाही, पान मिळू लागलं.

याला दुसराही उपाय आहे आणि तो बऱ्याच ठिकाणी सुचवलेला दिसतो. प्रॉक्सी विनंतीसोबत `X-Forwarded-Proto` नावाची ओळ पाठवतो. वाचक मुळात कुठल्या वाटेने आला, ते त्यात असतं. वर्डप्रेसवाले `wp-config.php` मध्ये, सेटिंग्ज लोड होण्याच्या ओळीच्या वर, हे घालतात:

```php
if (($_SERVER['HTTP_X_FORWARDED_PROTO'] ?? '') === 'https') {
    $_SERVER['HTTPS'] = 'on';
}
```

रीडायरेक्ट जर वर्डप्रेस किंवा त्याचं एखादं प्लगइन करत असेल, तर याने फेरा तुटतो. माझ्यासारखा तो nginx मध्ये असेल तर तुटत नाही, कारण विनंती वर्डप्रेसपर्यंत पोचतच नाही. तुटला तरी मला हा उपाय सगळीकडे पटत नाही. प्रॉक्सी आणि सर्व्हर एकाच आतल्या जाळ्यात असतील, बाहेरून थेट सर्व्हरवर कुणी येऊच शकत नसेल, तर तो योग्य आहे. मोठ्या मांडणीत लोड बॅलन्सरवर कुलूप उघडून आत साध्या वाटेने जाणं हे रोजचं आहे. पण प्रॉक्सी एकीकडे आणि सर्व्हर दुसरीकडे असेल, तर मधला सगळा रस्ता उघडा राहतो आणि वाचकाला मात्र कुलपाचं चिन्ह दिसत राहतं. फेऱ्याने मला निदान जागं तरी केलं. ओळ घालून तो गप्प केला असता तर मधला उघडा रस्ता तसाच राहिला असता.

काकांना लिहिलं की चूक माझ्याकडे होती, त्यांच्याकडे नव्हती, आणि त्यांची दुपार गेली त्याबद्दल मनापासून माफी मागते. आता साइट उघडेल.

तासाभराने उत्तर: “ताई, माझ्याकडे अजून तसंच आहे.”

या वेळी मी ‘माझ्याकडे उघडतेय’ असं लिहिलं नाही. विचारलं, खासगी खिडकीत उघडून बघाल का? तिथे उघडलं. कारण दडलं होतं त्या 301 मध्ये. 301 म्हणजे ‘कायमचं’, आणि कायमच्या गोष्टी ब्राउझर जपून ठेवू शकतो, तुम्ही मुदत सांगितली नसली तरी. पुढच्या वेळी तो सर्व्हरला विचारत बसत नाही, स्वतःच्या साठ्यातलं उत्तर काढतो. म्हणजे फेरा माझ्या सर्व्हरवर संपला होता, पण त्याची सावली काकांच्या ब्राउझरमध्ये राहिली होती. सगळेच ब्राउझर असं वागत नाहीत. काही साठ्यातला फेरा ओळखून सर्व्हरकडे नव्याने जातात. क्रोममध्ये हे बघायचं असेल तर डेव्हलपर टूल्समधल्या `Network` टॅबमध्ये `Preserve log` वर खूण करून पान उघडायचं. 301 च्या ओळीपुढे `Size` च्या रकान्यात `(disk cache)` असं आलं, तर ते उत्तर सर्व्हरने दिलेलं नाही, साठ्यातून आलंय. काकांना मी एवढ्यात नेलं नाही. फक्त माझ्या साइटचा डेटा कसा काढायचा ते पायरी पायरीने लिहिलं, आणि बाकी कशालाही हात लावू नका असं ठळक अक्षरांत.

त्यानंतर मी दोन सवयी लावून घेतल्या. नवा रीडायरेक्ट लावताना पहिले काही दिवस तो 302 ठेवते. मुद्दाम मुदत दिल्याशिवाय ब्राउझर 302 साठवत नाही, त्यामुळे चूक झाली तर माझ्यापाशीच सुधारता येते, वाचकांच्या घराघरात जाऊन पुसत बसावी लागत नाही. सगळं स्थिर दिसलं की मग 301. आणि कुणाचा असा मेल आला की मी उत्तरात चार गोष्टी विचारते: नेमका पूर्ण पत्ता, साधारण वेळ, खासगी खिडकीत काय होतं, आणि वायफाय सोडून मोबाइल डेटावर काय होतं. वेळ कळली की लॉगमध्ये तो गठ्ठा सापडतो. खासगी खिडकीवरून कळतं की दोष कुठल्या बाजूला आहे. मोबाइल डेटावरून कळतं की जुन्या DNS चा संबंध आहे का. वाचक म्हणून मी कुणाला कळवते तेव्हाही या चार गोष्टी आधीच लिहून पाठवते. पलीकडचा माणूस बहुधा माझ्यासारखाच मागच्या दारातून बघत असतो, आणि त्याच्याकडे सगळं ठीक दिसत असतं.

काकांनी सांगितल्याप्रमाणे केलं असावं, कारण रात्री नऊच्या सुमाराला लॉगमध्ये त्यांच्या नेहमीच्या पानाची नोंद दिसली. त्यांनी पत्ता हाताने, `https` न लावता टाइप केला होता. एक ओळ पोर्ट 80 ची, 301. लगेच दुसरी पोर्ट 443 ची, 200. मग ताऱ्यांच्या तक्त्याच्या चित्रांच्या ओळी, एकेक करून. थोड्या वेळाने मेल आला, त्यात मागच्या महिन्याचे त्यांचे आकडे होते, आणि एका ताऱ्यापाशी माझ्या नोंदीतल्या तेजात ०.३ प्रतीचा फरक दाखवला होता.